जुना सॅमसंग विकायचा आहे: बॅकअप, साइन आउट आणि रिसेट, नेमका क्रम काय असावा?

मृद्गंध

नमस्कार मंडळी. माझा 2020 साली घेतलेला सॅमसंग गॅलेक्सी एम 31 आता विकतेय. मिरजेत बहिणीच्या शेजारचा मुलगा पॉलिटेक्निकला लागलाय, त्याला हवाय. रविवारी फोन त्याच्या हातात द्यायचा आहे. नवा फोन दुसऱ्या कंपनीचा पण अँड्रॉइडच आहे, तो घरी आलेला आहे आणि जुनाही व्यवस्थित चालू आहे.

मी ठरवलेलं असं आहे. फोटो गुगल फोटोजवर चढलेले दिसतात, तेव्हा फोनमधले सगळे फोटो डिलीट करायचे. मग व्हॉट्सॲपमध्ये जाऊन अकाउंट डिलीट करायचं, म्हणजे त्या फोनवर काही राहणार नाही. शेवटी फॅक्टरी रिसेट. मेमरी कार्ड 64 जीबीचं आहे, ते मुलाला तसंच देईन म्हणते.

एक गोष्ट मात्र जिवापाड जपायची आहे. माझे बाबा 2021 मध्ये गेले. त्यांचे व्हॉइस मेसेज व्हॉट्सॲपवर आहेत, बरेच आहेत. ते गेले तर परत मिळणार नाहीत. कृपया ज्यांना नीट माहिती आहे त्यांनीच सांगा, ऐकीव नको.

तात्या मिरजकर

एम 31 ला आता फार काही येणार नाही ताई. दुकानात देण्यापेक्षा ओळखीत दिलात ते उत्तम. चार्जर आणि बिल सोबत असेल तर थोडे जास्त मिळतात. स्क्रीनला चरा आहे का?

मृद्गंध

तात्या, किंमत ठरलेली आहे हो. प्रश्न फोन रिकामा करण्याचा आहे.

सोल्डरगन

मृद्गंध, कोल्हापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हे रोज बघतो. तुमच्या यादीतल्या पहिल्या दोन गोष्टी करू नका. दोन्ही केल्यात तर जे जपायचंय तेच जाईल.

फोटोंचं आधी. गुगल फोटोज ॲपमधून एखादा बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की तो फोनमधून जातो आणि गुगलच्या खात्यातूनही जातो. ॲपला ते एकच चित्र वाटतं. बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतात, तोवर परत आणता येतात, त्यानंतर संपलं. रिसेट करणारच आहात, तर हाताने काही पुसायची गरजच नाही. रिसेट सगळं पुसतो आणि क्लाउडला हात लावत नाही.

त्यापेक्षा एक तपासा. गुगल फोटोज सहसा फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर आपोआप चढवतं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड हे वेगळे फोल्डर असतात आणि ते स्वतः चालू करावे लागतात. ॲपच्या सेटिंगमध्ये Backup च्या आत Back up device folders आहे, तिथे प्रत्येक फोल्डरसमोर बटण दिसेल. लोकांना वाटतं "बॅकअप चालू आहे" म्हणजे सगळं गेलं. लग्नाचे फोटो कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेले असतात आणि नेमके तेच राहतात. खात्री फोनवर करू नका, कॉम्प्युटरवर photos.google.com उघडून चार-पाच जुने फोटो प्रत्यक्ष शोधून बघा.

व्हॉट्सॲपचं Delete account म्हणजे फोनवरून काढणं नव्हे. त्याने खातंच मिटतं, ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडता आणि गुगल ड्राइव्हवरचा बॅकअपही जातो. नव्या फोनवर त्याच नंबराने व्हॉट्सॲप सुरू केलं की जुन्यावरचं आपोआप बंद पडतं. तेवढंच पुरे.

मृद्गंध

बापरे. बरं झालं विचारलं. मग बाबांच्या मेसेजचं काय करू? ड्राइव्हवर बॅकअप रात्री होतो असं दिसतंय.

सोल्डरगन

दोन जागी ठेवा.

पहिली जागा नवा फोन. तुमच्याकडे दोन्ही फोन चालू आहेत म्हणजे ड्राइव्हच्या नादी न लागताही चालेल. जुन्यावर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये Chats, त्यात Transfer chats. नव्यावर व्हॉट्सॲप टाकून नंबर पडताळा, तो क्यूआर कोड दाखवेल, जुन्याने स्कॅन करा. दोन्हींचं वायफाय आणि लोकेशन चालू लागतं. व्हिडिओ खूप असतील तर वेळ लागतो, मध्ये स्क्रीन बंद होऊ देऊ नका. ड्राइव्हवरून आणायचं असेल तर नव्या फोनवर तेच गुगल खातं आणि तोच नंबर हवा, नाहीतर त्याला बॅकअप सापडतच नाही. आणि बॅकअपला एंड-टू-एंड पासवर्ड लावलेला असेल तर तो आठवतोय का ते आधी पाहा. तो विसरला तर कंपनीसुद्धा उघडून देऊ शकत नाही.

दुसरी जागा कॉम्प्युटर. जुना फोन केबलने जोडा, फाइल ट्रान्सफर निवडा आणि इथे जा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Voice Notes
```

आत 202107 अशा नावाचे फोल्डर दिसतील. पहिले चार आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. प्रत्येकात PTT-20210214-WA0003.opus अशा फाइल असतात, म्हणजे तारीख नावातच आहे. अख्खं फोल्डर कॉपी करा. ह्या फाइल व्हीएलसीमध्ये वाजतात. कोणाची कोणती ते नावावरून कळत नाही, म्हणून बाबांच्या चॅटमध्ये जाऊन Export chat सुद्धा एकदा मीडियासकट करून ठेवा, त्यात संवादाचा क्रम राहतो.

प्रकाशवाट

सोल्डरगन यांचं बरोबर आहे. मी थोडी भर घालतो. रिसेटआधी प्रत्येक खातं फोनवरून काढत बसायची गरज नाही. घरी कॉम्प्युटरवर गुगल अकाउंटमध्ये Security, त्यात Your devices आहे. तिथून जुना फोन निवडून साइन आउट केलं की फोन मोकळा होतो. मी नेहमी असंच करतो. आणि दुसरं, एका रिसेटने डेटा जात नाही. रिसेटनंतर फोनमध्ये मोठे व्हिडिओ भरायचे, पुन्हा रिसेट, असं तीनदा. नाहीतर रिकव्हरी सॉफ्टवेअरने सगळं परत येतं.

सोल्डरगन

प्रकाशराव, पहिल्या मुद्द्यावर थांबवतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या लॉक झालेल्या फोनांतले बरेच याच समजुतीतून येतात.

Your devices मधून काढलं की त्या फोनला तुमचा मेल, ड्राइव्ह वगैरे बघता येत नाही. ते चांगलंच आहे, फोन चोरीला गेला तर करावंच. पण फोनच्या आत एक वेगळं कुलूप असतं, 2015 च्या अँड्रॉइड 5.1 पासून. फोनवर गुगल खातं आणि स्क्रीन लॉक असेल तर ते आपोआप लागतं. चोराने बटणं दाबून फोन पुसला तरी सुरू होताना फोन म्हणतो, आधीचं गुगल खातं किंवा आधीचा पिन टाका. त्याची नोंद फोनमध्येच एका वेगळ्या कोपऱ्यात असते आणि पुसण्याने ती जात नाही. कॉम्प्युटरवरून खातं काढल्यानेही ती जात नाही.

तुम्हाला आजवर अडचण आली नाही, कारण तुम्ही बहुधा रिसेट फोनच्या सेटिंगमधून, पिन टाकून करत असाल. तिथून केलं की फोनला कळतं हा मालकच आहे, आणि साधारणपणे कुलूप निघतं. व्हॉल्यूम आणि पॉवरची बटणं दाबून केलं तर निघत नाही. खातं आधी फोनवरूनच काढलं की शंकाच उरत नाही.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत असते, आमच्याकडे घरात सगळे आयफोन आहेत. आमच्याकडे तर संगणकावरून होतं! मागच्या वर्षी नवऱ्याने फोन विकून टाकला आणि Find My बंद करायचं राहिलं. घेणाऱ्याचा मेल आला. icloud.com/find वर जाऊन तो फोन निवडला, आधी Erase, मग Remove from Account, आणि त्याचा फोन उघडला. मग अँड्रॉइडचं नाही होत हे कसं?

सोल्डरगन

ताई, आयफोनचं कुलूप ॲपलच्या सर्व्हरवर असतं, फोन सुरू होताना तिकडे विचारतो. म्हणून मालकाला दुरून काढता येतं. अँड्रॉइडच्या या कुलपाची नोंद फोनमध्ये असते. प्रकाशरावांसारख्या अनेकांनी आयफोनचं ऐकलेलं असतं आणि ते अँड्रॉइडला लावतात.

नंदिनी_क

अगदी हेच आमच्या दिराच्या बाबतीत झालं. पॅटर्न आठवेना म्हणून त्याने बटणं दाबून फोन पुसला आणि सोलापूरच्या एकाला विकला. त्या माणसाने सिम घातलं, वायफाय लावलं, आणि स्क्रीनवर आलं की हा फोन रिसेट केलेला आहे, आधीच्या गुगल खात्याने साइन इन करा. तो बिचारा म्हणाला चोरीचा फोन दिलात. दिराला पासवर्डही आठवत नव्हता, तो बदलला, तर फोन नवा पासवर्ड घेईचना. शेवटी फोन परत मागवला, दुसऱ्या दिवशी चालला.

सोल्डरगन

नंदिनीताई, पासवर्ड बदलल्यावर 24 तास थांबावं लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी चालला. आणि फोन परत मागवलात हे फार योग्य केलंत. घेणारा फोनवरून म्हणतो, "मेल आणि पासवर्ड सांगा, मी टाकतो." अजिबात सांगू नये. समोर बसून स्वतः टाकावा, आत जाऊन खातं काढावं आणि सेटिंगमधून पुन्हा रिसेट करावा.

मृद्गंध

आता माझ्या एम 31 ला नेमकं काय काय दाबायचं ते सांगाल का? आणि सॅमसंगचं पण एक खातं आहे, फोन घेतला तेव्हा दुकानदाराने करून दिलेलं.

सोल्डरगन

सॅमसंगच्या खात्याचं बरं लक्षात आणून दिलंत. ते गुगलच्या कुलपापासून वेगळं आहे आणि काढायला त्याचा पासवर्ड लागतो. दुकानदाराने केलेलं असेल तर कोणत्या मेलवर किंवा नंबरवर आहे ते आजच बघा, रविवारी सकाळी नको. सेटिंग उघडल्यावर सगळ्यात वर तुमचं नाव दिसतं, ते दाबा, खाली Sign out आहे. पासवर्ड आठवत नसेल तर बदलून घ्या. शाओमीवाल्यांनी शाओमी अकाउंटचं असंच करायचं.

मग गुगल. Accounts and backup, त्यात Manage accounts, आपलं खातं, Remove account. फोन इशारा देईल की कॉन्टॅक्ट आणि मेल जातील. ते फक्त या फोनवरून जातात. पण त्याआधी कॉम्प्युटरवर contacts.google.com उघडून नंबर खरंच तिथे आहेत का बघा. बऱ्याच जणांचे निम्मे नंबर "फोन" किंवा "सिम" मध्ये साठवलेले असतात आणि ते गुगलवर कधी गेलेलेच नसतात. एकापेक्षा जास्त जीमेल असतील तर सगळी काढा, मुलांचं किंवा ऑफिसचं एखादं असतंच.

शेवटी General management, Reset, Factory data reset. त्या पानावर खाली सरकवत गेलं की अजून कोणती खाती शिल्लक आहेत त्यांची यादी येते. सॅमसंग किंवा गुगलचं नाव तिथे दिसलं तर परत मागे जा. दिसलं नाही तर खालचं बटण दाबा, पिन टाका. चार्जिंग अर्ध्याच्या वर असू द्या.

भाऊसाहेब ना.

यूपीआयचं काय करायचं? मी माझा फोन जावयाला दिला तेव्हा बँकेत जाऊन आलो होतो. बँकेतल्या मुलीने सांगितलं काही करायला नको.

सोल्डरगन

काका, मुलीने बरोबर सांगितलं. यूपीआय सिम आणि फोन दोन्हींशी बांधलेलं असतं. सिम नव्या फोनमध्ये घालून तिथे ॲप सुरू केलं की ते सिमवरून मेसेज पाठवून नव्याने बांधून घेतं. जुन्या फोनमध्ये तुमचं सिम नाही, पिन नाही. फक्त नव्यावर एक छोटा व्यवहार करून बघा आणि मगच जुना पुसा. लगेच मोठी रक्कम पाठवायचा बेत ठेवू नका, फोन बदलल्यावर सुरुवातीला मर्यादा कमी असते.

ज्यांच्याकडे ऑफिसच्या लॉगिनसाठी सहा आकडी कोड देणारं ॲप आहे त्यांनी मात्र ते पुसण्याआधी नव्यावर न्यावं. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये Transfer accounts आहे. फोन पुसल्यावर तो कोड मागायला जाणार कुणाकडे?

प्रकाशवाट

कुलपाबद्दलची दुरुस्ती मान्य. पण तीनदा व्हिडिओ भरण्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. ते मी वाचलेलं आहे, केंब्रिजच्या संशोधकांनी जुने फोन विकत घेऊन डेटा परत काढला होता.

सोल्डरगन

ते खरं आहे. 2015 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या दोघांनी 21 फोनवर ते करून दाखवलं. पण ते फोन अँड्रॉइड 2.3 ते 4.3 चे होते. त्या काळी फोनमधला डेटा उघडा लिहिलेला असायचा, आणि रिसेट म्हणजे पुष्कळदा वरवरचं पुसणं. असा फोन आजही कुणाच्या कपाटात असेल तर तुमची पद्धत वापरावी. मी तर म्हणेन असा फोन विकूच नये.

एम 31 अँड्रॉइड 10 घेऊनच बाजारात आला. अँड्रॉइड 10 सह आलेल्या फोनांत एन्क्रिप्शन सक्तीचं आहे. म्हणजे आत जे लिहिलंय ते किल्लीशिवाय कचरा. रिसेटमध्ये ती किल्लीच नष्ट होते. रिकव्हरी सॉफ्टवेअरला तुकडे मिळाले तरी त्यातून फोटो बनत नाही. फोन जुना असेल आणि शंका असेल तर सेटिंगमध्ये सिक्युरिटीच्या आत एन्क्रिप्शनच्या ठिकाणी Encrypted लिहिलेलं आहे का बघा.

प्रकाशवाट

कंपनीने किल्ली नीट नष्ट केली यावर विश्वास ठेवायचा, एवढंच ना? सॅमसंग ठीक आहे, पण स्वस्तातल्या अनोळखी कंपन्यांचं सांगता येत नाही. मी एकदा तरी भरून पुसणारच.

सोल्डरगन

करा, नुकसान काही नाही, वेळ जातो एवढंच. अनोळखी कंपन्यांबद्दल मी हमी देणार नाही.

मेमरी कार्डावर मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू आहे. मृद्गंध, ते कार्ड मुलाला देऊ नका. फोनच्या रिसेटने कार्ड पुसलं जात नाही, आणि कार्डावरचा डेटा सहसा उघडाच असतो. नुसतं फॉरमॅट केलेल्या कार्डावरून फोटो परत काढून देणं हे माझ्या दुकानातलं नेहमीचं काम आहे. कार्ड काढून घ्या, मुलाला नवं घेऊ द्या.

मृद्गंध

झालं सगळं, म्हणून लिहितेय, कुणाला उपयोग होईल.

शुक्रवारी रात्री फोटोजमध्ये फोल्डर बघितले. WhatsApp Images बंदच होतं! चालू केल्यावर शनिवारी दुपारपर्यंत चढत होते. कॉन्टॅक्टमध्ये आईच्या गावाकडचे नंबर "फोन" मध्ये साठवलेले निघाले, ते गुगलवर हलवले. चॅट क्यूआरने नव्या फोनवर आणले. व्हॉइस नोट्सचं फोल्डर लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर घेतलं, आणि नव्या फोनवर बाबांचा सगळ्यात जुना मेसेज वाजवून बघितला. वाजला.

सॅमसंगचं खातं दुकानदाराने माझ्याच नंबरवर केलेलं होतं, पासवर्ड बदलून साइन आउट केलं. मग गुगल काढलं. रिसेटच्या पानावर पाहते तर खाली अजून एक जीमेल, भाच्याने गेमसाठी कधीतरी घातलेलं. ते काढून मग पुसला. आता स्वागताचं पान आलंय. याच्यापुढे मी जायचं का, की इथेच बंद करून द्यायचा?

सोल्डरगन

थोडं पुढे जा, तीच खरी परीक्षा. भाषा निवडा, वायफाय लावा, कारण वायफायशिवाय फोन कुलपाचं सगळं विचारत नाही. गुगलच्या साइन इनच्या पानावर Skip दिसलं आणि जुनं खातं किंवा जुना पिन मागितला नाही, तर फोन मोकळा आहे. तिथेच थांबा, साइन इन करू नका आणि बंद करा. मुलाला देताना त्याच्यासमोर त्याचंच खातं घालून सुरू करून द्या.

तसंच \*#06# दाबून दिसणारा आयएमईआय बिलाशी जुळतो का ते त्याला दाखवा. त्याला स्वतः तपासायचं असेल तर KYM, मग एक जागा सोडून आयएमईआय असा एसएमएस 14422 वर पाठवता येतो. दूरसंचार खात्याची सोय आहे, फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला नाही ना ते कळतं. बिलाची प्रत द्या, मूळ बिल किंवा फोटो तुमच्याकडे राहू द्या.

मृद्गंध

Skip आलं! खूप खूप आभार सोल्डरगन, आणि सगळ्यांचेच.

नंदिनी_क

माझा अजून एक प्रश्न. सासऱ्यांचा फोन पडून डिस्प्ले फुटलाय. दिसतं सगळं पण अर्ध्या भागावर टच चालत नाही, पिनही टाकता येत नाही. एक्स्चेंजला द्यायचाय. बटणांनी पुसला तर परत दिरासारखंच होणार ना?

सोल्डरगन

होणार. त्याऐवजी ओटीजी ॲडॉप्टर घ्या आणि कॉम्प्युटरचा साधा यूएसबी माउस फोनला लावा. स्क्रीनवर बाण येतो. त्याने पिन टाका, खाती काढा, सेटिंगमधून रिसेट करा. बहुतेक फोनांवर आधी कसलीही परवानगी लागत नाही.

तात्या मिरजकर

आणि जो फोन सुरूच होत नाही त्याचं? माझ्याकडे एक पडलाय, मदरबोर्ड गेलाय म्हणतात. भंगारवाला पैसे देतोय.

सोल्डरगन

तात्या, तो पुसता येणार नाही, पण दुरुस्त करणारा तो जिवंत करू शकतो. चांगला पिन होता का त्यावर?

तात्या मिरजकर

1234.

प्रकाशवाट

तात्या, देऊ नका तो.

सोल्डरगन

मीही हेच म्हणतो. Your devices मधून तो काढा, पासवर्ड बदला आणि फोन घरातच ठेवा. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र कपाटात ठेवू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात समोर बोर्ड तोडून देतात का ते विचारून द्या.

भाऊसाहेब ना.

बोर्ड तोडून देणारं असं केंद्र सांगलीत कुठे आहे का? कुणाला माहीत असेल तर इथेच लिहा, माझ्याकडेही दोन पडलेत.